दुपारची वीज, रात्रीची गरज

वीज ही अशी वस्तू आहे की ती जेव्हा निर्माण होते त्याच क्षणी ती वापरली जावी लागते. धान्य कोठारात राहते, दूध शीतगृहात काही दिवस टिकते. परंतु वीजवाहिन्यांच्या जाळ्यात विजेचा साठा म्हणून काहीही शिल्लक राहत नाही. राज्यातील सर्व जनित्रे मिळून जितकी वीज देत असतील, तितकीच वीज त्या क्षणी सर्व ग्राहक मिळून वापरत असले पाहिजेत. हा तोल बिघडला की त्याची खूण लगेच दिसते. आपल्याकडील विजेची वारंवारिता सेकंदाला ५० आवर्तने इतकी ठेवलेली असते. मागणी पुरवठ्याहून वाढली की जनित्रांवर भार येऊन त्यांचा वेग मंदावतो आणि ही वारंवारिता ५० च्या खाली जाते. पुरवठा जास्त झाला की ती वर चढते. राज्याच्या वीजजाळ्यावर देखरेख ठेवणाऱ्या कळवा येथील राज्य भार प्रेषण केंद्रातील अधिकारी याच आकड्यावर अहोरात्र नजर ठेवून असतात. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडून, प्रत्येक भागात कोणत्या केंद्राने किती वीज द्यावयाची हे आधीच ठरविले जाते.

कोळसा, पाणी किंवा वायू यांवर चालणाऱ्या केंद्रांच्या बाबतीत ही आखणी बऱ्याच अंशी माणसाच्या हाती असते. सूर्य आणि वारा यांच्या बाबतीत ती तशी नसते. ही अनियमितता नेमकी कशी असते, आणि तिच्यावर साठवणुकीचा उपाय कोठवर चालतो, हे आपल्याच राज्यातील उदाहरणांवरून पाहणे उद्बोधक ठरेल.

सूर्याची शिस्त आणि वाऱ्याचा लहरीपणा

सौर विजेची अनियमितता दोन प्रकारची आहे. पहिला प्रकार अत्यंत शिस्तीचा म्हणावा लागेल. सकाळी सातच्या सुमारास निर्मिती सुरू होते, मध्यान्हीच्या आसपास ती शिखर गाठते आणि सायंकाळी सहा-साडेसहापर्यंत शून्यावर येते. याची वेळ पंचांगातून काढता येते. अडचण अशी की, सौर वीज ओसरते त्याच सुमारास घराघरांतील दिवे, पंखे, दूरदर्शन संच आणि स्वयंपाकघरातील उपकरणे सुरू होतात. एका बाजूने पुरवठा उतरत असतो आणि दुसऱ्या बाजूने मागणी चढत असते. दोन-तीन तासांत ही दरी इतरांनी भरून काढावी लागते.

दुसरा प्रकार ढगांचा. एखाद्या सौर प्रकल्पावरून ढग सरकला तर त्याची निर्मिती काही मिनिटांत निम्म्याहून खाली येऊ शकते. मात्र प्रकल्प दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरलेले असतील तर सर्वांवर एकाच वेळी ढग येत नाही, आणि राज्याच्या एकूण बेरजेत हा चढउतार बराच सौम्य होतो. पावसाळ्यात मात्र आठवडाभर राज्याचा मोठा भाग मेघाच्छादित राहतो. तेव्हा विखुरलेपणाचा हा आधारही उरत नाही.

वाऱ्याचे गणित वेगळे आहे. पवनचक्कीतून मिळणारी वीज वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. याचा अर्थ असा की, वाऱ्याचा वेग निम्मा झाला तर वीज निम्मी होत नाही, ती एक-अष्टमांश होते. उदाहरणार्थ, सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्यात २ मेगावॅट, म्हणजे २,००० किलोवॅट देणारी पवनचक्की ६ मीटर वेगाच्या वाऱ्यात सुमारे २५० किलोवॅटच देईल. वेग ३ मीटरच्या आसपास उतरला की ती थांबते. आणि वादळी वाऱ्यात, साधारणतः २५ मीटरच्या पुढे, मोडतोड टाळण्यासाठी ती मुद्दाम बंद केली जाते. म्हणून वाऱ्याच्या अंदाजात थोडीशी चूक झाली तरी विजेच्या अंदाजात मोठी चूक होते.

तथापि, महाराष्ट्राच्या दृष्टीने एक गोष्ट समाधानाची आहे. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारे किंवा धुळे जिल्ह्यातील ब्राह्मणवेल या ठिकाणी वारा सर्वांत जोरात वाहतो तो नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या महिन्यांत, म्हणजे जेव्हा सूर्य ढगाआड असतो तेव्हा. वर्षाच्या हिशेबात सूर्य व वारा एकमेकांची उणीव काही प्रमाणात भरून काढतात. दिवसाच्या हिशेबात मात्र सायंकाळची दरी उरतेच.

किती वीज आणि किती वेळ

साठवणुकीचा विचार करताना दोन आकड्यांचा घोटाळा नेहमी होतो. म्हणून पाण्याच्या टाकीचे उदाहरण घेऊ. टाकीला बसविलेली तोटी किती रुंद आहे यावर एका वेळी किती धार पडेल हे ठरते. आणि टाकी किती मोठी आहे यावर ती धार किती वेळ चालेल हे ठरते. विजेत तोटीची रुंदी मेगावॅटमध्ये मोजतात, टाकीचे आकारमान युनिटांमध्ये. एक मेगावॅटची धार एक तास चालली की १,००० युनिट वीज होते. "अमुक मेगावॅटची साठवण उभारली" या वाक्यात केवळ तोटीची माहिती असते. ती किती तास चालेल हे विचारल्याशिवाय साठवणुकीचा खरा आकार कळत नाही.

आता एक हिशेब मांडून पाहू. एखाद्या शहराची मागणी दिवसरात्र सारखी २० मेगावॅट आहे असे समजू. प्रत्यक्षात मागणी अशी सपाट नसते. पण हिशेब सोपा व्हावा म्हणून हे गृहीत धरू. त्याला दिवसाला ४ लक्ष ८० हजार युनिट वीज लागेल. आपल्या हवामानात १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प निरभ्र दिवशी सुमारे ५ लक्ष युनिट देतो. वरवर पाहता गरजेपेक्षा ही वीज जास्तच आहे. परंतु उन्हाचे उपयुक्त नऊ तास धरले तर त्या वेळात शहर १ लक्ष ८० हजार युनिट थेट वापरील. उरलेल्या पंधरा तासांसाठी लागणारी ३ लक्ष युनिट वीज साठ्यातून द्यावी लागेल.

येथे साठवणुकीचा कर आडवा येतो. कोणताही साठा घातलेली सर्व वीज परत देत नाही. १०० युनिट घातल्यास ७८ युनिट परत मिळतात असे धरले, तर ३ लक्ष युनिट मिळविण्यासाठी सुमारे ३ लक्ष ८५ हजार युनिट साठ्यात घालावी लागतील. म्हणजे दिवसाची एकूण गरज झाली ५ लक्ष ६५ हजार युनिट, आणि सौर प्रकल्प हवा सुमारे ११५ मेगावॅटचा. शंभर मेगावॅटचा प्रकल्प कागदावर पुरेसा दिसूनही प्रत्यक्षात का अपुरा पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

घाटघर : वर नेलेले पाणी

विजेचा मोठ्या प्रमाणावर साठा करण्याची सर्वांत जुनी व कसाला उतरलेली पद्धत म्हणजे उदंचन जलविद्युत योजना. उदंचन म्हणजे वर उपसणे. एक जलाशय डोंगरावर, दुसरा पायथ्याशी. वीज शिल्लक असेल तेव्हा तिच्या साहाय्याने पाणी खालून वर चढवायचे आणि वीज हवी असेल तेव्हा तेच पाणी टर्बाइनवरून खाली सोडायचे.

आपल्या राज्यात याचे ठळक उदाहरण घाटघर येथे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर, अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, प्रवरा नदीवर वरचे धरण बांधण्यात आले. खालचे धरण कड्याच्या पायथ्याशी ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात आहे. दोहोंच्या पातळीत सुमारे ४०० मीटरचे अंतर आहे. डोंगराच्या पोटात कोरलेल्या भूमिगत वीजगृहात १२५ मेगावॅटचे दोन संच बसविलेले असून २००८ साली ते कार्यान्वित झाले. या संचांचे वैशिष्ट्य असे की, ते एका दिशेने फिरले म्हणजे टर्बाइन व जनित्र होतात आणि उलट दिशेने फिरले म्हणजे पंप व मोटार होतात. एकच यंत्र दोन्ही कामे करते.

या योजनेचे गणित लक्षात ठेवण्यास फार सोपे आहे. एक घनमीटर पाणी, म्हणजे एक हजार लिटर, ४०० मीटर खाली आले की त्यातून सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.०९ युनिट ऊर्जा मिळते. बोगद्यातील घर्षण आणि यंत्रातील घट वजा जाता हाती साधारण एक युनिट लागते. तेच एक घनमीटर पाणी वर चढविण्यास सुमारे सव्वा युनिट खर्च होते. वरील हिशेबात ७८ हा आकडा धरला तो यावरूनच.

दोन्ही संच पूर्ण क्षमतेने, म्हणजे २५० मेगावॅटने चालले तर तासाला अडीच लक्ष युनिट वीज मिळते. त्यासाठी तासाला सुमारे अडीच लक्ष घनमीटर पाणी खाली यावे लागते. सेकंदाचा हिशेब केला तर दहा हजार लिटरचे सात टँकर दर सेकंदाला रिकामे होत आहेत अशी कल्पना करावी. सायंकाळपासून सहा तास वीज द्यावयाची तर १५ लक्ष घनमीटर पाणी लागेल. एक चौरस किलोमीटर क्षेत्रावर दीड मीटर उंचीचा थर पसरावा इतके ते पाणी होईल. मिळणारी १५ लक्ष युनिट वीज आपल्या कल्पित शहराची पाच रात्रींची गरज भागवील.

पाण्यातील ऊर्जा किती विरळ असते तेही यावरून कळते. घरातील इन्व्हर्टरच्या १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या एका बॅटरीत कागदोपत्री १.८ युनिट वीज मावते. म्हणजे चारशे मीटर उंचीवर ठेवलेले हजार लिटर पाणी अशा एका बॅटरीचीही बरोबरी करीत नाही. म्हणूनच उदंचन योजनेस मोठी उंची आणि मोठे जलाशय ही दोन्ही लागतात. सह्याद्रीचा सरळ तुटलेला कडा यासाठी अनुकूल आहे, कारण थोड्या आडव्या अंतरात मोठी उंची मिळते आणि बोगदे आखूड होतात.

अशा योजनांची मूळ कल्पना रात्रीच्या शिल्लक विजेवर आधारलेली होती. कोळशावरील संच एकदा पेटविला की त्याचे उत्पादन निम्म्याच्या फारसे खाली आणता येत नाही, आणि पूर्ण थंड झालेला संच पुन्हा चालू करण्यास अनेक तास लागतात. त्यामुळे रात्री मागणी उतरली तरी हे संच चालूच ठेवावे लागत, आणि ती वीज पाणी चढविण्यास वापरता येई. सौर वीज वाढू लागल्यापासून शिल्लक विजेची वेळ मध्यरात्रीकडून दुपारकडे सरकत आहे. यंत्रे तीच, जलाशय तेच. उपशाची वेळ मात्र बदलावी लागते.

या पद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. योग्य जागा मोजक्याच असतात आणि त्या बहुधा वनक्षेत्रात असतात. बांधकामास अनेक वर्षे लागतात. डोंगराच्या पोटात कसा खडक लागेल यावर खर्च व कालावधी अवलंबून राहतो. पाणी पुनःपुन्हा वापरले जात असले तरी पहिला भरणा आणि दरवर्षीचे बाष्पीभवन यांची तरतूद करावी लागते. याउलट, एकदा उभी राहिली की अशी योजना अनेक दशके चालते, ही तिची जमेची बाजू होय.

कोयना : न वापरलेले पाणी

पाणी वर न चढविताही विजेची साठवण होऊ शकते. कोयनेसारख्या धरणात पाणी आधीच उंचावर आहे. दुपारी सौर वीज मुबलक असताना कोयनेचे संच थांबवून ठेवले आणि सायंकाळी ते पूर्ण ताकदीने चालविले, तर दुपारी वाचलेले पाणी हाच साठा होतो. यात उपशाचा कर भरावा लागत नाही. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे, म्हणजे तोटी फार रुंद आहे. आणि जलविद्युत संच काही मिनिटांतच पूर्ण भार उचलतात.

परंतु टाकीला मर्यादा आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निर्णयानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळविता येणारे पाणी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट इतके मर्यादित आहे. त्यामुळे हे पाणी केव्हा वापरावे याला महत्त्व येते. ते दुपारी खर्च झाले तर उन्हाळ्यातील सायंकाळसाठी उरत नाही. शिवाय सिंचन व पिण्याचे पाणी यांचा हक्क कोणत्याही धरणावर असतोच.

बॅटरी : तत्पर, पण थोड्या तासांची

अलीकडे वीजजाळ्याला जोडलेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांचा वापर वाढला आहे. त्यांचे दोन गुण विशेष आहेत. पहिला म्हणजे तत्परता. पाण्याचा संच सुरू होण्यास मिनिटे लागतात, बॅटरी मात्र सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देते. ढगाच्या सावलीने आलेला धक्का किंवा वारंवारितेतील अचानक घट सावरण्यास हे उपयोगी पडते. दुसरा गुण असा की, घातलेल्या १०० युनिटांपैकी ८५ ते ९० युनिट परत मिळतात. शिवाय त्या सपाट जमिनीवर, उपकेंद्राच्या शेजारी, वर्ष-दीड वर्षात बसविता येतात.

उणीव तासांची आहे. उदंचन योजनेत तास वाढवायचे म्हणजे जलाशय मोठा करायचा. यंत्रे तीच राहतात. बॅटरीत तास दुप्पट करायचे म्हणजे बॅटऱ्याच जवळपास दुप्पट घ्यावयाच्या. म्हणून त्या बहुधा दोन ते चार तासांसाठी उभारल्या जातात. दररोज भरण्या-रिकामे होण्याने त्यांची धारणशक्तीही हळूहळू घटते, आणि दहा-पंधरा वर्षांत त्या बदलण्याचा विचार करावा लागतो. ही घट ओळखण्याचा मार्ग सरळ आहे: पूर्ण भरलेली बॅटरी आज किती युनिट देते आणि नवी असताना किती देत होती, हे मीटरवरून पडताळून पाहावे. उष्णतेने ही झीज वाढते, आणि सदोष विद्युत्घटातून आग पसरण्याचा धोका असतो. म्हणून शीतकरणाची व्यवस्था हा अशा केंद्राचा अविभाज्य भाग असतो.

तीन ढगाळ दिवसांचा प्रश्न

आता आपल्या कल्पित शहराकडे पुन्हा वळू. त्याने ११५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला, एका रात्रीची ३ लक्ष युनिट देणारी साठवणही केली. वर्षातील बहुतेक दिवस सर्व सुरळीत चालेल. मग जुलै महिन्यात सलग तीन दिवस आकाश भरून आले आणि निर्मिती नेहमीच्या ३० टक्क्यांवर आली. दिवसाला मिळणारी वीज होईल सुमारे १ लक्ष ७० हजार युनिट. ती दिवसाच्या वापरातच संपेल आणि साठ्यात भर पडणार नाही. तीन रात्रींची ९ लक्ष युनिटांची तूट येईल.

ही तूट साठवणुकीनेच भरावयाची तर साठा चौपट करावा लागेल. आणि येथेच खर्चाचा प्रश्न उभा राहतो. जो साठा दररोज भरतो व रिकामा होतो, त्याची किंमत वर्षातील तीनशे साठ फेऱ्यांवर विभागली जाते. जो साठा वर्षातून तीन-चार वेळाच उपयोगी पडतो, त्याची तेवढीच किंमत तीन-चार फेऱ्यांवर पडते. त्यातून मिळणारे युनिट सुमारे शंभर पटीने महाग पडेल. रोजची सायंकाळ भरून काढणे साठवणुकीला परवडते. संपूर्ण ऋतू भरून काढणे परवडत नाही.

यासाठी विजेपासून हायड्रोजन वायू तयार करून तो महिनोन्महिने साठविण्याची कल्पना मांडली जाते. तो साठा टिकतो खरा. परंतु विजेचा हायड्रोजन आणि हायड्रोजनची पुन्हा वीज करताना १०० युनिटांतील साधारण ३० ते ४० युनिटच परत मिळतात. म्हणून ढगाळ दिवसांसाठी प्रथम अन्य मार्ग पाहावे लागतात: पावसाळ्यात जोरात असलेली पवन ऊर्जा, दुसऱ्या राज्यांतून वाहिन्यांद्वारे येणारी वीज, आणि राखीव म्हणून ठेवलेली औष्णिक केंद्रे.

मागणीच हलविणे

एक उपाय असा आहे की ज्यात वीज साठवावीच लागत नाही. कृषिपंपांचा भार आपल्या राज्यात मोठा आहे. पूर्वी या भाराचा बराचसा भाग रात्रीवर ढकलला जाई, कारण तेव्हा वीज शिल्लक असे. त्यासाठी शेतकऱ्याला मध्यरात्री, काळोखात, विंचूकाट्याच्या भीतीत पिकाला पाणी देण्यास जावे लागे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली आणि २०२३ साली तिचा दुसरा टप्पा आला. तीत गावाजवळील उपकेंद्रालगत सौर प्रकल्प उभारून कृषी वाहिन्यांना दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट आहे.

वीजजाळ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, दुपारची वीज पाण्याच्या रूपाने जमिनीत व शेततळ्यात साठविली जाते. तिच्यावर २२ किंवा १० टक्क्यांचा कर पडत नाही, कारण ती पुन्हा वीज व्हावयाचीच नसते. नगरपालिकेच्या उंच टाकीत दुपारी पाणी चढविणे, शीतगृह दुपारी अधिक थंड करून ठेवणे, ही याच जातीची कामे होत. पंपाची वेळ बदलण्यास जितका खर्च येतो तितक्या खर्चात कोणतीही बॅटरी मिळत नाही.

म्हणून साठवणुकीची योजना आखताना एक क्रम पाळणे हितावह ठरते. जी मागणी दुपारकडे सरकविता येईल ती प्रथम सरकवावी; मग धरणातील पाणी सायंकाळसाठी राखून ठेवावे; क्षणिक धक्के व पहिले दोन-चार तास बॅटरीकडे सोपवावेत; आणि रात्रीचा लांब पल्ला घाटघरसारख्या उदंचन योजनांकडे द्यावा. एखाद्या नव्या प्रकल्पाची माहिती वाचनात आली तर वाचकांनी तीन प्रश्न विचारावेत: तोटी किती मेगावॅटची, टाकी किती तासांची, आणि घातलेल्या शंभर युनिटांपैकी परत किती मिळणार? या तीन उत्तरांवरून तो प्रकल्प सायंकाळच्या दरीसाठी आहे, ढगाच्या धक्क्यासाठी आहे की पावसाळ्याच्या आठवड्यासाठी आहे, हे अभियंता नसलेल्या वाचकालाही स्वतः ठरविता येईल.